बी-१ वर विमान, बी-२ वर परवाना

नर्सिंग कॉलेजांच्या आवारात आणि गावोगावच्या क्लासच्या फलकांवर हल्ली एक ओळ हमखास दिसते: सहा महिन्यांत जर्मन शिका आणि जर्मनीत नर्स व्हा. जर्मनीत नर्सेसची टंचाई आहे हे खरं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, हेही खरं. फक्त त्या फलकावर ‘जर्मन शिका’ म्हणजे कुठपर्यंत शिका, आणि ‘नर्स व्हा’ म्हणजे तिथे उतरताक्षणी की आणखी वर्षभराने, याचा पत्ता नसतो. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीचं आणि तिच्या घरच्यांचं पुढचं सगळं गणित नेमकं याच दोन गोष्टींवर अवलंबून असतं.

युरोपात परकी भाषा कितपत येते हे मोजायला सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे. ती कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली प्रसिद्ध केली. ए-१ आणि ए-२ या सुरुवातीच्या, बी-१ आणि बी-२ मधल्या, सी-१ आणि सी-२ वरच्या. वॉर्डाच्या भाषेत सांगायचं तर ए-१ झालेली मुलगी स्वतःचं नाव-गाव सांगते, वेळ विचारते. ए-२ झालेली ‘पाणी हवं का’, ‘कुठे दुखतंय’ एवढं विचारू शकते, पण पेशंटचं उत्तर दोन वाक्यांपेक्षा लांबलं की तिची वाट हरवते. बी-१ वर रोजचे व्यवहार निभावतात. सुट्टी मागता येते, काल काय झालं ते सांगता येतं, ओळखीच्या विषयावरचं बोलणं समजतं. कारण देणं, शंका काढणं, एखादी गोष्ट पटत नसेल तर तसं नीट सांगणं, हे बी-२ वर येतं. नर्सच्या कामात बी-१ आणि बी-२ मधला फरक इथेच उघडा पडतो. ‘पेशंटला ताप आहे’ हे बी-१ झालेली सांगू शकते. ‘ताप सकाळी उतरला होता, औषध दिल्यावर पुन्हा चढला, त्यामुळे पुढचा डोस देण्याआधी मला डॉक्टरांना विचारायचंय’ असं सलग, न अडखळता सांगायला बी-२ लागतं.

आता वेळेचं बघू. परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडे पुण्या-मुंबईत जिला मॅक्सम्युलर भवन म्हणतात ती संस्था, बी-१ साठी साडेतीनशे ते साडेसहाशे आणि बी-२ साठी सहाशे ते आठशे तासिका लागतात असं धरते. तासिका पंचेचाळीस मिनिटांची, आणि आकडे अगदी पहिल्या धड्यापासूनचे. समजा, लातूरची बीएस्सी नर्सिंग झालेली एक मुलगी नोकरी सोडून पूर्णवेळ क्लासला बसली. रोज पाच तासिका, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठवड्याला पंचवीस. सातशे तासिकांना अठ्ठावीस आठवडे लागतात. साडेसहा महिने नुसत्या वर्गात बसण्याचे झाले. त्यात उजळणी, दिवाळीची सुट्टी, परीक्षेच्या तारखेची वाट आणि एखादा विषय राहिला तर तो पुन्हा देणं धरलं की वर्ष सहज जातं. मग ‘सहा महिन्यांत’ कुठून आलं? ते बी-१ बद्दल खरं असू शकतं. फलकावर पायरीचं नाव लिहिलेलं नसतं, एवढीच त्यातली गोम.

परीक्षा चार भागांची असते: वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं. प्रत्येक भाग शंभर गुणांचा, आणि उत्तीर्ण व्हायला प्रत्येकात साठ हवेत. एका भागातले जास्तीचे गुण दुसऱ्याला उसने देता येत नाहीत. मात्र गोएथेच्या बी-१ आणि बी-२ परीक्षांत राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. आपल्या लातूरच्या मुलीला बी-२ ला वाचनात अठ्ठ्याहत्तर, लेखनात एकाहत्तर, बोलण्यात त्रेसष्ट आणि ऐकण्यात बावन्न पडले, तर तिला फक्त ऐकण्याचा भाग पुन्हा द्यायचा. आपल्याकडच्या शिक्षणाच्या सवयीने वाचन-लेखन लवकर पक्कं होतं आणि ऐकणं मागे राहतं, त्यामुळे असे गुण पडण्यात नवल काही नाही. ऐकण्याच्या परीक्षेतले काही भाग एकदाच ऐकवतात, आणि त्यातली माणसं वर्गातल्या बाईंइतकी सावकाश बोलत नाहीत. गुणपत्रक हातात आलं की त्यातला सर्वांत कमी आकडा कोणता ते आधी बघावं. वॉर्डात पहिला त्रास तिथेच होणार असतो.

खरा घोळ यापुढे आहे. भाषेचा पुरावा एकदाच मागितला जात नाही. तो दोन वेगवेगळ्या कार्यालयांना, दोन वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या उंचीचा हवा असतो.

पहिलं कार्यालय व्हिसाचं. आपली नर्सिंगची पदवी जर्मन पदवीच्या बरोबरीची ठरवून घ्यायला, म्हणजे मान्यता मिळवायला जर्मनीत जाण्यासाठी स्वतंत्र व्हिसा आहे. त्याला कायद्याने साधारणपणे ए-२ पुरते, तरी नर्सिंगमध्ये प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बी-१ मागतात. १ मार्च २०२४ पासून आणखी एक वाट उघडली आहे. मालक आणि उमेदवार यांनी ‘मान्यता-भागीदारी’ केली, म्हणजे नोकरीचा करार करून मान्यतेचं काम तिथे पोहोचल्यावर पूर्ण करण्याचं बांधून घेतलं, तर ए-२ वर जाता येतं. तिथे वर्षभराची मुदत मिळते आणि ती एकूण तीन वर्षांपर्यंत वाढवता येते. विमानात बसायला ए-२ किंवा बी-१ पुरतं, ही जाहिरातीतली गोष्ट म्हणून खोटी नाही.

दुसरं कार्यालय ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचं मान्यता देणारं. जर्मनीत नर्सिंग हा परवान्याचा व्यवसाय आहे. १ जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या नर्सिंग कायद्यानुसार पात्र नर्स हे पदनाम लावायला चार गोष्टी लागतात: प्रशिक्षण, चारित्र्य, आरोग्य आणि ‘व्यवसायाला लागेल इतकी’ जर्मन भाषा. कायद्यात पायरीचं नाव लिहिलेलं नाही. ती राज्यं ठरवतात, आणि ती बी-२ धरतात. काही राज्यांना त्या जोडीला नर्सिंगच्या भाषेची वेगळी परीक्षाही हवी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हे काम श्टुटगार्टचं विभागीय प्रशासन करतं. शेजारच्या राज्याचे नियम थोडे वेगळे असू शकतात. म्हणून ‘जर्मनीत काय लागतं’ असं न विचारता ‘माझं हॉस्पिटल ज्या राज्यात आहे तिथे काय लागतं’ असं विचारायला हवं.

मान्यतेसाठी ते कार्यालय आपल्या पदवीचे विषय आणि प्रात्यक्षिकांचे तास जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून बघतं. फरक मोठा निघाला की पत्र येतं. एजंट आणि नर्सेस त्याला सरळ ‘डेफिझिट लेटर’ म्हणतात. त्या पत्रात दोन पर्याय असतात: हॉस्पिटलमध्ये काही महिने देखरेखीखाली पूरक प्रशिक्षण घेणं, नाहीतर तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी ज्ञान-परीक्षा देणं. भारतातून गेलेल्या नर्सला तिथलं काम पहिल्यांदा विचित्र वाटतं. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलायला लावणं हे बरंचसं नातेवाईक आणि वॉर्डातल्या मावशी-मामा करतात. तिथे ते नर्सच्या कामाचा गाभा आहे. भाषेशी त्याचा थेट संबंध असा की सुई टोचताना दोन शब्द पुरतात, पण ऐंशी वर्षांच्या विसराळू आजींना अंघोळ घालताना वीस मिनिटं बोलत राहावं लागतं. त्या मध्येच रागावतात, मध्येच लहानपणीचं काही सांगू लागतात.

भाषेचा दाखला नसतानाही डेफिझिट लेटर मिळू शकतं, पूरक प्रशिक्षणही सुरू होऊ शकतं. अडतो तो शेवटचा कागद, म्हणजे परवाना. बी-२ हातात येईपर्यंत तो मिळत नाही, आणि तोवर ती मुलगी कागदोपत्री सहायक असते. पेशंटला कोणत्या काळजीची गरज आहे हे ठरवणं आणि त्या काळजीचं नियोजन करणं ही कामं कायद्याने पात्र नर्ससाठीच राखून ठेवलेली आहेत. चार वर्षांची पदवी आणि आयसीयूचा अनुभव असूनही ती ती करू शकत नाही.

पैशांत हे किती होतं? वृद्धांच्या देखभालीच्या क्षेत्रात जर्मनीने किमान वेतन ठरवून दिलेलं आहे. १ जुलै २०२५ पासून साध्या सहायकाला तासाला १६.१० युरो आणि पात्र नर्सला २०.५० युरो. तासामागे ४.४० युरोंचा फरक. महिन्याला एकशे साठ तास धरले तर ७०४ युरो. लातूरची मुलगी बी-१ वर निघाली आणि तिथे ड्युटी सांभाळत, सकाळ-रात्रीच्या पाळ्या करत बी-२ पूर्ण करायला तिला इथल्यापेक्षा सहा महिने जास्त लागले, तर चार हजार दोनशे युरोंहून जास्त उत्पन्न बुडालं. हे किमान वेतनाचे आकडे आहेत. हॉस्पिटलांच्या वेतनश्रेणी वेगळ्या असतात, पण सहायक आणि नर्स यांच्या पगारातली दरी तिथेही असते. शिवाय पाळी संपवून संध्याकाळच्या क्लासला बसणारं डोकं थकलेलं असतं. म्हणून ज्यांना घरून थोडा आधार मिळू शकतो त्यांनी बी-२ इथेच संपवून जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बी-१ वर जाणं चूक नाही. केरळ सरकारच्या नोर्का या संस्थेमार्फत जाणाऱ्या नर्सेस भारतात बी-१ करून तिथे बी-२ पूर्ण करतात. पण त्या वाटेवर भाषेचा वर्ग, त्याचा खर्च आणि मालकाची साथ यांची व्यवस्था आधीच लावलेली असते. एकट्याने करार करून जाणाऱ्या मुलीला ती आपोआप मिळत नाही.

नर्सिंगच्या भाषेची जी वेगळी परीक्षा काही राज्यं घेतात तिची तयारी साध्या बी-२ च्या पुस्तकाने होत नाही. बी-२ ला पर्यावरण, घरून काम, शहरातली वाहतूक अशा विषयांवर छोटं भाषण आणि चर्चा असते. नर्सिंगच्या परीक्षेत तीन प्रसंग येतात. एकात पेशंट झालेल्या माणसाशी बोलून त्याची माहिती घ्यायची: काय दुखतं, शून्य ते दहाच्या मापात किती, घरी कोण असतं, झोप कशी लागते, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. दुसऱ्यात ती माहिती नोंदवहीत थोडक्या, नेमक्या शब्दांत लिहायची. तिसऱ्यात तीच माहिती दुसऱ्या नर्सला द्यायची, आपण हँडओव्हर म्हणतो तसा. गंमत अशी की एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सांगावी लागते. पेशंटशी बोलताना सोपे शब्द, वहीत वैद्यकीय शब्द, सहकाऱ्याशी दोन्हींची सरमिसळ. आपली नर्स मराठीत हे रोज सहज करते: पेशंटला ‘शौचाला झाली का’ म्हणते आणि केसपेपरवर वेगळंच लिहिते. जर्मनमध्ये मात्र तिला दोन्ही शब्दसंग्रह वेगवेगळे पाठ करावे लागतात, आणि क्लासमध्ये सहसा त्यातला एकही शिकवत नाहीत. ‘टेल्क’ या संस्थेची बी-१ आणि बी-२ अशा दोन्ही पायऱ्या मोजणारी खास नर्सिंगची परीक्षा आहे. शेवटी तिकडेच जायचं असेल तर आपल्या राज्यात ती चालते का हे आधी विचारून तिचा अभ्यास करणं शहाणपणाचं.

मराठी मुलींना इथे एक फायदा आहे, तो क्लासमध्ये फारसं कुणी सांगत नाही. जर्मन आकड्यांत एकक आधी आणि दशक नंतर बोलतात, त्रेचाळीसमध्ये ‘तीन’ आधी येतो तसं. इंग्रजीतून विचार करणारा माणूस फोनवर सांगितलेलं त्रेचाळीस चौतीस लिहितो, आणि औषधाच्या मात्रेत असली चूक भयंकर ठरते. आकडे मराठीत मोजण्याची सवय मोडलेली नसेल तर हे लवकर जमतं. तरी कोणताही आकडा ऐकल्यावर तो एकेक अंक म्हणून परत विचारून घेण्याची शिस्त तिथल्या वॉर्डातही पाळावी. तीन लिंगं आपल्याला परकी नाहीत, जोडवाक्यात क्रियापद शेवटी टाकणंही नाही, आणि वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करणं तर नाहीच. इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकांतून हे नियम अवघड वाटतात. मराठीतून समजावणारे शिक्षक मिळाले तर बी-१ पर्यंतचा पहिला टप्पा बराच हलका होतो.

बी-२ झाल्यावरही एक अडचण उरते, ती बोलीची. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये म्हातारी माणसं श्वेबिश किंवा आलेमानिश ढंगात बोलतात. पुस्तकी जर्मन शिकून गेलेल्या मुलीला पहिले काही आठवडे शब्द ओळखूच येत नाहीत. परीक्षेत याचा एकही प्रश्न नसतो. यावर इलाज म्हणजे जाण्याआधी त्याच भागातल्या स्थानिक रेडिओची, बातम्यांची सवय लावून घेणं, आणि गेल्यावर ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य न लाजता वापरणं. समजलं नसताना मान डोलावणारी नर्स पेशंटला धोकादायक असते. तिथल्या हेड नर्सचाही सर्वांत मोठा आक्षेप यालाच असतो.

हे सगळं नर्सिंगचं झालं. दुसऱ्या व्यवसायात हिशेब बदलतो, आणि लोक शेजाऱ्याचा नियम स्वतःला लावून फसतात. डॉक्टरला बी-२ च्या जोडीला वैद्यकीय भाषेची सी-१ पातळीची परीक्षा द्यावी लागते. पदवीधर इंजिनिअरला निळ्या कार्डावर नोकरी मिळाली तर व्हिसासाठी कायदा जर्मन मागतच नाही. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या संधी-कार्डावर नोकरी शोधायला जाता येतं. त्याला किमान ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी लागतं आणि त्याहून जास्त जर्मन येत असेल तर जास्तीचे गुण मिळतात. पण संधी-कार्डावर गेलेली नर्स परवान्याविना नर्स होत नाही, हे विसरू नये. बारावीनंतर तिथेच तीन वर्षांचं नर्सिंग शिकायला जाणाऱ्यांना व्हिसासाठी बी-१ धरतात. मात्र बऱ्याच नर्सिंग शाळा स्वतः बी-२ मागतात, कारण वर्ग, पेपर आणि वॉर्ड सगळं पहिल्या दिवसापासून जर्मनमध्येच असतं.

एजंटने पुढे केलेल्या करारावर सही करण्याआधी लातूरच्या मुलीने पाच-सहा गोष्टी लेखी मागाव्यात. हॉस्पिटल कोणत्या राज्यात, कोणत्या गावात आहे. परवान्यासाठी त्या राज्याला कोणती भाषा-परीक्षा आणि कोणत्या संस्थेची चालते. परवाना येईपर्यंत कोणत्या पदावर, किती पगारावर काम, आणि परवाना आल्यावर किती. बी-२ चा क्लास ड्युटीच्या वेळात की बाहेर, आणि त्याची फी कुणी भरायची. एखादा भाग राहिला तर पुन्हा परीक्षेचा खर्च कुणाचा. नोकरी मध्येच सोडली तर किती रक्कम परत मागणार. चांगले जर्मन मालक भरतीचा खर्च उमेदवाराकडून घेत नाहीत. जर्मन सरकारच्या पाठिंब्याने परदेशी नर्सेसच्या न्याय्य भरतीसाठी एक गुणवत्ता-चिन्ह दिलं जातं, आणि ते मिळवणाऱ्या संस्थांवर ‘खर्च मालकाचा’ हे तत्त्व बंधनकारक असतं. भारतातला एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. यातल्या एखाद्या प्रश्नाला ‘ते तिकडे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं, तर सही न करता करार घरी आणावा आणि त्या हॉस्पिटलच्या मनुष्यबळ विभागाला स्वतः ई-मेल करून तोच प्रश्न विचारावा. तो मेल जर्मनमध्ये लिहावा. औपचारिक पत्र लिहिणं बी-२ च्या लेखनात येतंच.